तिसरा थर

माझी पँट पुढे आणि मी मागे, असे आम्ही दोघे भर दुपारी समुद्रातून धावत होतो. म्हणजे पाण्यातून नव्हे, पाण्यात टाकलेल्या दगडांच्या लांबलचक बांधावरून. पँट नायलॉनच्या दोरीवर होती. दोरीचं एक टोक पोकलेनच्या शिडीला होतं, आणि जेवून आलेल्या ड्रायव्हरनं मागे न बघता पोकलेन चालू केलं होतं. दुसरं टोक मी एका लोखंडी नळीला बांधलं होतं. कमरेला पंचा, हातात एक चप्पल, तोंडानं मराठी, हिंदी आणि तेलुगू अशा तिन्ही भाषांत "थांब!" असा आरडाओरडा. पोकलेनला तिन्ही येत नसाव्यात.

दोरी ताणली गेली, नळी नमस्कार केल्यासारखी वाकली, आणि मग दोरी तुटली. पँट तेवढी वाचली.

यात माझी चूक होती हे मला मान्य आहे, पण थोडी त्या नळीचीही होती. साठी गाठेपर्यंत मी समुद्र पाहिला नव्हता. आदिलाबादहून कुठल्याही समुद्राला जायचं तर एक अख्खा दिवस गाडीत बसावं लागतं, आणि माझं कापडाचं दुकान मला तेवढं सोडत नाही. पहिल्यांदा पाहिला तर जरा पाय भिजवावेत म्हणून दगडांवरून खाली उतरलो. लाटेला माझ्या पायांवर समाधान नव्हतं, तिनं गळ्यापर्यंत भिजवलं. वर येऊन बघतो तर बांधाच्या टोकाला ही सरळसोट नळी उभी, वर लाल चिंधी. आधीही इथं कोणीतरी काहीतरी वाळत घातलेलं दिसतं, असा मी अंदाज केला.

तेवढ्यात डोक्यावर पांढरं हेल्मेट घातलेली आमची दर्शनी धावत आली. तिनं आधी नळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हा क्रम माझ्या लक्षात राहिला.

"काका, तुमाले लागलं का?"

"नाई वं."

"मंग हे काय करून ठेवलं?"

दर्शनी म्हणजे प्रियदर्शनी मुनेश्वर, आमचे शेजारी अमृतराव यांची मोठी मुलगी. अमृतराव तहसील कचेरीत कारकून होते. त्यांच्या आधीच्या पिढ्या भीमपूरकडे दुसऱ्यांच्या शेतात राबल्या, आणि राहीबाई, म्हणजे दर्शनीची आई, लग्नानंतरही काही वर्षं कापूस वेचायला जायच्या. दर्शनी आमच्या दुकानाच्या ओट्यावर अभ्यास करून मोठी झाली. वरंगळला जाऊन इंजिनियर झाली, आणि त्यातही माती शिकली. "माती काय शिकायची, पायाखालीच तर आहे," असं मी तेव्हा म्हणालो होतो. ती म्हणाली होती, "म्हणूनच."

आता ती गोदावरीच्या मुखाजवळच्या एका मच्छीमारांच्या गावी होती. बंदर असं काही तिथं नव्हतंच. नावा उघड्या किनाऱ्यावर ओढून ठेवायच्या, आणि वादळ आलं की सकाळी त्यांच्या फळ्या गोळा करायच्या. म्हणून समुद्रात दगडांचा बांध घालून लाटा अडवायचं काम चाललं होतं. बांध घालणारा ठेकेदार वेगळा. दर्शनी सरकारच्या बाजूनं नेमलेल्या सल्लागारांची माणूस. दगडाचा पुढचा थर टाकायचा की नाही, यावर तिची सही लागायची.

मी गेलो होतो राहीबाईंनी पाठवलेला आंब्याच्या लोणच्याचा डबा घेऊन, आणि दर्शनीला घेऊन यायला. धाकट्या प्रगतीचं लग्न पुढच्या रविवारी होतं. राहीबाईंनी बजावलं होतं, "भाऊजी, फोनवर ती हाव हाव म्हणते. तुमी हातालेच धरून आणा तिले." दर्शनीनंही शब्द दिला होता: संध्याकाळी मोजणी करायची, आकडे चांगले आले की उद्यापासून तिसरा थर सुरू, आणि थर सुरू झाला की तिच्या जागी दुसरा माणूस, ती माझ्याबरोबर गाडीत.

ती मोजणी ज्या नळीवर व्हायची होती, ती माझ्यासमोर वाकून उभी होती.

"अशा अजून असतील ना दोन-चार?" मी विचारलं.

"आहेत. पण बांधाच्या टोकाले हीच. आन् टोकाचीच काळजी आहे मले."

मग तिनं मला सांगितलं, ओरडून नव्हे, आमच्या ओट्यावर बसून सांगायची तसंच. समुद्राचा तळ इथं खडकाचा नाही, मऊ काळ्या चिखलाचा आहे, कित्येक पुरुष खोल. त्याच्यावर आधी जाड कापड अंथरलंय. (इथं मी कान टवकारले. पन्हा किती, भाव काय, हे विचारून घेतलं. माझ्या दुकानातलं कोणतंच कापड समुद्राच्या तळाशी टिकणार नाही हे ऐकून वाईट वाटलं.) त्या चिखलात दिव्याच्या वातीसारख्या लांब पट्ट्या उभ्या खोचल्या आहेत. वरून दगडाचं वजन आलं की चिखलातलं पाणी त्या वातींतून हळूहळू बाहेर येतं. पाणी गेलं की चिखल घट्ट होतो, आणि मग आणखी दगड पेलायची ताकद त्याला येते. म्हणून दगड एकदम टाकायचा नाही. एक थर टाकायचा, थांबायचं, मग दुसरा, मग पुन्हा थांबायचं. ती नळी तळाशी पुरलेल्या एका लोखंडी पाटावर उभी होती. चिखल किती दबला ते तिच्यावरून कळायचं.

"म्हणजे बांध खाली चालला?" मी घाबरून पायाखाली बघितलं.

"जाऊ द्या. सरळ खाली गेला तं चांगलं, पाणी निघून राह्यलं म्हणायचं. बाजूले सरकला तं वाईट."

हे मला लगेच पटलं. दुकानातल्या माझ्या गादीवर मी बसतो तेव्हा कापूस नुसता खाली दबत नाही, गादी दोन्ही बाजूंनी फुगते, आणि मग एक दिवस टाका उसवतो.

"आन् घाई केली तं?"

"वापसा नसताना वावरात बैलबंडी घातल्यावर काय होते?"

हा टोमणा माझ्यासाठी होता. दर्शनी दहा-अकरा वर्षांची असताना पैनगंगेकाठच्या एका वावरात आम्ही हुरडा खायला निघालो होतो. अवकाळी पावसानं काळी माती भिजली होती. पाऊस गेला, ऊन पडलं, मी बंडी आत घालायला लावली. ही पोरगी वावराच्या कडेला धुऱ्यावर बसून राहिली. "काका, वरून वाळली, आतून नाई," म्हणाली. बंडी आसापर्यंत रुतली, ती काढायला गाव लागलं, आणि हुरडा आम्ही घरी येऊन थंड खाल्ला. तेव्हापासून मी तिला मातीबद्दल काही शिकवत नाही.

"आन् ही माती कुठली आहे, माहीत आहे का?" ती म्हणाली. "पैनगंगा वर्धेत जाते, वर्धा प्राणहितेत, प्राणहिता गोदावरीत. गोदावरीनं आणून इथं टाकली. आपल्या भीमपूरची काळी असंल यात."

मी खाली पाहिलं. दगडांच्या फटीतून पाणीच दिसत होतं. तरी ओळखीचं कोणी भेटल्यासारखं वाटलं.

एवढ्यात ठेकेदाराचा मॅनेजर आला. सुरेंद्र त्याचं नाव, बेल्लमपल्लीचा, कोळशाच्या खाणीत काम करणाऱ्या बापाचा मुलगा. क्वार्टरात वाढल्यामुळे तो तेलुगू, हिंदी आणि मराठी एकाच वाक्यात वापरायचा. मला पाहून म्हणाला, "काकाजी, आमची नळी तोडायला तुमी आदिलाबादहून आले का? इतल्या मच्छीवाल्यायनं एवढ्या दिवसांत नाई तोडली!"

मग दर्शनीकडे वळून, आवाज उतरवून: "मॅडम, बाकीच्या नळ्या ओके आहेत. टोकाची गेली तर गेली. करा सही. मे महिन्यात लाटा चढतील. एवढ्या उंचीवर बांध उघडा राह्यला तर आतला बारका दगड धुऊन जाईल, मग मालिक मला धुईल."

तो खोटं बोलत नव्हता. बांधाचा आतला भाग बारक्या दगडांचा होता, आणि त्यावर मोठमोठ्या धोंड्यांचं चिलखत चढायचं होतं. तिसरा थर झाल्याशिवाय ते पुरं चढत नव्हतं. बिचारा दोन्हीकडून अडकला होता.

"नळी नाई तं दुसरं मोजू," दर्शनी म्हणाली. "चिखलातल्या पाण्याचा दाब पाहू, आन् नाव घेऊन बाजूचा तळ पाहू. संध्याकाळपर्यंत सांगते."

"मोजा, मोजा. पण उत्तर हाव असलं पाह्यजे!"

आम्ही पोलय्याच्या नावेत बसलो. 'आम्ही' एवढ्यासाठी, की मला बांधावर एकटं ठेवायला ती तयार नव्हती. पोलय्या हा तिथला मच्छीमार. मागच्या वादळात त्याच्या नावेचे तीन तुकडे झाले होते, ही नाव भावाची. दर्शनीला तो अम्मा म्हणायचा. तेलुगूत त्यानं विचारलं, "अम्मा, भिंत कधी होणार?" आणि उत्तराची वाट न बघता वल्हं मारायला लागला. असं रोजच विचारत असावा.

तळ मोजायची पद्धत बघून मला गंमत वाटली. दोरीच्या टोकाला शिशाचा गोळा असेल असं मला वाटलं होतं. तिथं ताटलीएवढी चपटी चकती होती. गोळा चिखलात रुततो आणि खोली जास्त दाखवतो, चकती वर टेकून राहते. दर्शनी दोरी सोडायची, टेकली की थांबायची, भरती-ओहोटीचा हिशेब त्यातून वजा करायची. समुद्राच्या बाजूनं सगळं जिथल्या तिथं होतं. मग नाव वळून बंदराच्या बाजूला आली, बांधाच्या टोकाशी, पायथ्यापासून थोडी दूर.

तिथं दर्शनीनं दोरी एकदा सोडली. पुन्हा सोडली. पोलय्याला नाव जरा मागे घ्यायला सांगितली आणि पुन्हा सोडली.

"काय झालं?"

"तळ वर आला."

"भरला असंल, गाळ आला असंल."

"फक्त इथंच? बाकी कुठंच नाई?" तिनं दोरी गुंडाळली. "दुसऱ्या थराच्या वेळी होता त्याहून हातभर वर आहे. बांध चिखलाले खाली दाबून राह्यला, आन् चिखल इकडून वर निघून राह्यला."

गादीची बाजू फुगली होती. आजचं उत्तर 'हाव' आलं असतं तर दर्शनी रविवारी प्रगतीच्या शेजारी, बौद्ध लग्नाच्या रीतीनं पांढऱ्या साडीत उभी असती, हे मला माहीत होतं आणि तिलाही माहीत होतं. पोलय्या तिच्या तोंडाकडे बघत होता. त्याच्या भाषेत तिनं त्याला सांगितलं. त्यानं विचारलं, "म्हणजे पडेल?" ती म्हणाली, "आत्ता थांबलो तर नाही."

चिखलात पुरलेल्या मापकांच्या तारा बांधावरच्या एका पेटीत येत; त्यांवरून चिखलाच्या पोटातला पाण्याचा दाबही ती पाहणार होती, पण त्याआधीच आम्हाला बांधाच्या टोकावरून खडखडाट ऐकू आला. एक डंपर मागे मागे येऊन रिकामा होत होता. त्याच्या आधीचा ढीग तिथं पडलेलाच होता.

सुरेंद्रनं नंतर कबूल केलं, वाट कशाला बघायची म्हणून त्यानं दोन डंपर "बोहणीचे" टाकून घेतले होते. सही संध्याकाळी होणारच, असं त्याला वाटत होतं. खडखडाट ऐकताच नाव बांधाला लावून दर्शनी दगडांवरून चढत वर पोचली. मी तिच्यामागे, यावेळी पँट घालून.

ती ढिगाकडे गेलीच नाही. ढिगाच्या अलीकडे, बांधाच्या वरच्या सपाटीवर, जमिनीकडे बघत चालत राहिली आणि एका ठिकाणी थांबली. बारक्या खडीत एक रेघ होती. बंदराच्या बाजूच्या काठाला समांतर, नीट ओळीत, बोटाएवढी रुंद. मी ती ओलांडून गेलो असतो. चाकाची खूण म्हणालो असतो.

"सुरेंद्र, ही सकाळी होती का?"

सुरेंद्र वाकून बघायला आला, आणि त्याचा चेहरा उतरला. पुढचं मात्र त्यानं कोणी न सांगता केलं. ड्रायव्हरला शिव्या देत डंपर माघारी पिटाळला, पोकलेनवाल्याला खाली बोलावलं, मजुरांना नावानं हाका मारून किनाऱ्याकडे हाकललं. मला दंडाला धरलं, "काकाजी, चला चला, लोणचं खायला चला." सगळे मागे येऊन उभे राहिले. तो घाम पुसत म्हणाला, "माझा बाप म्हणायचा, खाणीत छत कुरकुरलं की टिकाव तिथंच टाकून निघायचं. टिकाव परत मिळतो."

बराच वेळ काहीच झालं नाही. मला तर वाटलं, उगाच. मग काहीही आवाज न करता बांधाचं ते टोक बसलं. कोसळलं नाही, धाडकन काही नाही. म्हातारा माणूस गुडघ्यावर हात ठेवून खाली बसतो तसं, ढिगासकट. रेघेच्या पलीकडची कड गुडघाभर खाली गेली. आणि बाजूच्या हिरव्या पाण्यात काळा ढग उठला, पसरला. ओहोटी लागल्यावर तिथं चिखलाची पाठ पाण्याबाहेर दिसायला लागली, म्हशीच्या पाठीसारखी.

"बस्स, इथवरच आहे," दर्शनी म्हणाली, पण बोलताना तिचा हात माझ्या बाहीला घट्ट धरून होता. तिला भीती वाटते हे मला त्या क्षणापर्यंत सुचलंच नव्हतं.

रात्री खानावळीत सुरेंद्र लोणच्याची फोड ताटात फिरवत बसला होता. "बोला मॅडम. काम बंद?"

"बंद काऊन? दगड येऊ द्या. जागा बदलायची फक्त." तिनं ताटातला भाताचा ढीग बोटानं दाखवला. "वरचा ढीग पोकलेननं उतरवायचा, लांबूनच, मागून. आन् तिसऱ्या थराचा दगड बार्जमधून फुगलेल्या बाजूले टाकायचा, पायथ्याशी, चपटा, पसरून. चिखलाले वर यायले जागाच नाई ठेवायची. तं बांधाचा पाय निघत नाई."

"म्हणजे माझा दगड बांधाच्या उंचीले नाई, बाजूच्या रुंदीले?"

"हाव."

"मालिकले काय सांगू? उंच बांध मागितला, आमी आडवा केला?"

"सांगा, उभं राहायचं असंल तं आधी पाय पसरावे लागतात."

सुरेंद्र माझ्याकडे वळला. "काकाजी, लहानपणापासून अशीच आहे का ही?"

"धुऱ्यावर बसून राह्यची," मी म्हणालो. "आमी रुतायचो."

तो हसला, आणि ताटातली फोड एकदाची खाल्ली. समुद्राच्या बाजूचं थोडं चिलखत आहे त्या उंचीवर चढवायला पायथा भरल्यावर चालेल, एवढं त्यानं तिच्याकडून पदरात पाडून घेतलं. तीही तेवढ्यावर हट्टाला पेटली नाही. मे महिन्याच्या लाटा तिलाही माहीत होत्या.

पुढचे दिवस मी तिथंच राहिलो. बार्ज, म्हणजे दगडानं भरलेली चपटी मालनाव, यायची, पोट उघडायची, दगड पाण्यात गडप व्हायचा, आणि वर काहीच दिसायचं नाही. गावातले लोक किनाऱ्यावर उभे राहून म्हणायचे, एवढा दगड जातो आणि भिंत वाढत नाही. पोलय्या त्यांना समजावत बसायचा, अम्मा पाय भरतेय म्हणून. दर्शनी सकाळ-संध्याकाळ त्याच्या नावेतून चकती सोडायची. वाकलेल्या नळीच्या जागी नवी नळी तिनं उभी करून घेतली. तिच्यावर लाल चिंधीबरोबर एक पाटीही लावली, मराठीत. तिथं मराठी वाचणारे आम्ही तिघेच होतो आणि दोघांना त्या पाटीची गरज नव्हती.

मी निघायच्या दिवशी नावेतून उतरताना ती म्हणाली, तळ आता वर येत नाही. थांबलाय. पाण्याचा दाबही घसरायला लागलाय, अगदी सावकाश. तरी आठ-पंधरा दिवस रोज बघितल्याशिवाय काही खरं नाही, आणि हे बघणं नव्या माणसावर सोडायला ती तयार नव्हती. तोंडावर आनंद होता. पण कोणाच्या तरी लग्नाला जाऊ न शकणाऱ्या माणसाचा आनंद असतो, तसा.

स्टेशनवर सोडायला आली. रिकामा डबा धुऊन, त्यात तिथल्या खोबऱ्याचे लाडू भरून दिले. प्रगतीसाठी एक साडी दिली, माझ्या दुकानातून नव्हे, हे मी तिला ऐकवलं. गाडीला वेळ होता.

"एक दिवसाचं येऊन जा," मी म्हणालो. "शनिवारी निघ, सोमवारी परत. सुरेंद्र बघंल."

"सुरेंद्र बघंल, काका. पण दोन डंपरची बोहणी पाह्यली ना तुमी?"

"तो आता नाई करायचा."

"नाई करायचा. तरी."

गाडी आली. डब्यात बसलो, डबा मांडीवर घेतला. ती खिडकीशी उभी राहिली. राहीबाईंचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर होता, आणि त्यांनी दिलेलं कामही. हाताला धरून आणा, असं सांगितलं होतं. तिचा हात खिडकीच्या गजावर होता, मी तो धरलाही.

"दर्शने, तुह्या मायले काय सांगू मी?"

ती म्हणाली, "लगन माझ्याबिगर होते, काका. हे नाई होत."